प्रायव्हेट लिमिटेड नावाचा ताईत

गेल्या महिन्यात कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मित्राने कंपनी नोंदणीच्या सर्टिफिकेटचा फोटो टाकला. खाली टाळ्या, रॉकेट आणि ‘भावा, डायरेक्टर झालास!’चा पाऊस. मीही अंगठा दाखवला. मग त्याला वेगळा फोन करून विचारलं, ‘दोघांपैकी एक जण सोडून गेला तर काय, हे ठरलंय का?’ तो हसला. ‘आम्ही काय भांडणार आहोत का? आणि प्रायव्हेट लिमिटेड आहे रे, सेफ आहे.’

हे ‘सेफ आहे’ माझ्या डोक्यात जातं, कारण पाच वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होतो.

मी आणि माझा रूममेट, दोघांनी मिळून छोट्या वर्कशॉपसाठी स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवलं. भोसरीतली तीन-चार गिऱ्हाईकं मिळाली आणि आम्ही लगेच कंपनी काढली. दहा रुपयांचे दहा हजार शेअर, पाच हजार त्याचे, पाच हजार माझे. आठ महिन्यांनी त्याला बेंगळुरूला चांगली नोकरी लागली आणि तो गेला. भांडण नाही, काही नाही. मी स्टेशनवर सोडायला गेलो होतो.

गेला तो माणूस. त्याचे पाच हजार शेअर कुठेच गेले नाहीत. शेअर ही मालमत्ता आहे. काम सोडलं म्हणून ती आपोआप परत येत नाही. पुढचं दीड वर्ष मी एकट्याने रात्री जागून कोड लिहिला, पण लाभांश वाटायचा तर अर्धा त्याचा. मोठा निर्णय घ्यायचा तर त्याची सही. शेवटी कंटाळून कंपनी बंद करायला निघालो, तेव्हा कळलं की स्वतःहून नाव काढून घ्यायला तीन चतुर्थांश भागभांडवलाची संमती लागते. माझ्याकडे निम्मंच होतं.

कंपनी माणसांपेक्षा वेगळी असते, माणसं आली-गेली तरी ती टिकते, हे तिचं वैशिष्ट्य म्हणून सांगतात. इंग्लंडमध्ये 1897 साली सालोमन नावाच्या बूटवाल्याच्या खटल्यात हे तत्त्व पक्कं झालं: कंपनीचं कर्ज हे मालकाचं कर्ज नव्हे. मोठ्या धंद्याला हे वरदान आहे. दोन मित्रांच्या धंद्यात त्याचा दुसरा अर्थ असा, की आधी लिहून ठेवलं नसेल तर गेलेला मित्रही कंपनीत टिकतो.

आणि ती ढाल? ती खरी आहे, पण तिला नेमकं मोठ्या कर्जाच्या जागी भोक आहे. छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक बहुतेक वेळा डायरेक्टरांची वैयक्तिक हमी घेते. त्या कागदावर सही केली की कंपनीचं कर्ज तुमचंही झालं, आणि बँक थेट तुमच्या मागे येऊ शकते.

त्यात देखभालीचा खर्च. विक्री शून्य असली तरी कंपनीला ऑडिट करावंच लागतं. दरवर्षी हिशेबाचा AOC-4 आणि वार्षिक विवरणाचा MGT-7A असे दोन फॉर्म भरायचे. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये. आम्ही ‘आता धंदाच नाही तर काय भरायचं’ म्हणून गप्प बसलो. दोन फॉर्म, सुमारे 400 दिवस, म्हणजे 80 हजार रुपये. तेवढे आम्ही कमावलेही नव्हते. आणि थकलेले फॉर्म भरल्याशिवाय बंद करायचा अर्जही पुढे सरकत नाही. सलग तीन वर्षं भरलेच नाहीत, तर डायरेक्टर म्हणून पाच वर्षं अपात्र.

मग भागीदारी बरी का? इथे उलटा भ्रम आहे. अनेकांना वाटतं, कागद केला नाही म्हणजे भागीदारी नाही. 1932चा भागीदारी कायदा तसं म्हणत नाही. दोघांनी मिळून धंदा करायचा आणि नफा वाटून घ्यायचा असं ठरवलं, की कागद नसतानाही तुम्ही भागीदार असू शकता. मग करारात जे लिहिलेलं नाही, ते कायदा भरून टाकतो: नफा-तोटा समान, आणि कामाचा पगार कुणालाच नाही. तुम्ही बारा तास बसा, तो दोन तास बसो.

खरी भीती पुढे आहे. भागीदार हा फर्मचा एजंट असतो. समजा, तुमच्या भागीदाराने तुम्हाला न विचारता कामासाठी सहा लॅपटॉप उधारीवर आणले, बिल 3 लाख 60 हजार, आणि गिऱ्हाईकाने पैसे बुडवले. धंद्याच्या नेहमीच्या कामातली ती खरेदी असेल, तर दुकानदार अख्खी रक्कम एकट्या तुमच्याकडून मागू शकतो. निम्मी नाही, अख्खी. मग तुम्ही मित्राकडून वसूल करत बसा. इथे कंपनी असती आणि कुणी हमी दिली नसती, तर दुकानदार तुमच्या घरापर्यंत आला नसता. तेवढं श्रेय कंपनीला द्यायलाच हवं.

शिवाय फर्म नोंदलेली नसेल, तर पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाईकावर कराराच्या जोरावर दावा लावता येत नाही. तो मात्र तुमच्यावर लावू शकतो.

तरीही भागीदारीची एक गोष्ट मला आता मोलाची वाटते: तिच्यातून बाहेर पडता येतं. मुदत ठरलेली नसेल, तर एका भागीदाराने लेखी नोटीस दिली की फर्म विसर्जित होते. हिशेब चुकता करायचा आणि उरलेल्याने हवं तर एकट्याने पुढे जायचं. आमचं स्टेशनवरचं ते निरोप घेणं कायद्यातही निरोप ठरलं असतं.

आणि एकट्याने करायचं असेल, तर या सगळ्याची गरजच काय? एकल मालकीत तुमचा पॅन हाच धंद्याचा पॅन. शॉप ॲक्टची पावती, ज्याला आपले दुकानदार अजून गुमास्ता म्हणतात, उद्यमची मोफत नोंदणी आणि करंट खातं. सेवेची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या वर जाईपर्यंत साधारणपणे जीएसटीही नाही. कर तुमच्या स्लॅबनुसार, तर भागीदारी फर्मला नफ्यावर सरसकट 30 टक्के. धोका एकच: देणं झालं तर ते तुमच्या घरादारावर. पण लॅपटॉप आणि इंटरनेटवर चालणाऱ्या, उधारी नसलेल्या धंद्यात ते देणं येणार कुठून, हे आधी मोजा.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. एकटे असाल तर एकल मालकी. दोघे असाल, उधारी थोडी असेल, तर भागीदारी, पण करार लिहून आणि फर्म नोंदवून. कंपनी तेव्हाच काढा, जेव्हा बाहेरचा गुंतवणूकदार शेअर मागतोय, किंवा उधारी आणि नुकसानभरपाईचा धोका तुमच्या बचतीपेक्षा मोठा आहे. आणि तेव्हाही पहिल्याच दिवशी लिहा, की चार वर्षांच्या आत जो सोडेल, त्याने राहिलेल्या काळाचे शेअर मूळ किमतीला दुसऱ्याला द्यायचे.

हा प्रश्न मैत्रीचा अपमान आहे असं वाटतं, म्हणून आपण तो विचारत नाही आणि त्याऐवजी सर्टिफिकेट विकत घेतो. माझ्या रूममेटने शेवटी एका फोनवर सह्या केल्या. तो भला माणूस होता. मी मात्र कागदात तसं काहीच लिहून ठेवलं नव्हतं, सगळं त्याच्या भलेपणावर सोडलं होतं.

ग्रुपवरच्या मित्राला मी तेच वाक्य पाठवलंय. दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही.