“काहीच बदलणार नाही” हे वाक्य कंपनी विकत घेताना कधीच बोलू नका



शेजारचं छोटं युनिट विकत घेण्याचा विचार बरेच जण करतात. मशीन किती जुनं, गाळ्याचं भाडं किती, गिऱ्हाईक टिकेल का, हे सगळं आपण चौकशी करून बघतो. पण त्या युनिटमधल्या माणसांचं काय? तिथे बहुतेक मालक एकच करतात. पहिल्या दिवशी सगळ्यांना उभं करून सांगतात, “घाबरू नका, काहीच बदलणार नाही.” माझं स्पष्ट मत आहे की सगळी गडबड याच वाक्यापासून सुरू होते. कारण समोरच्या प्रत्येकाला माहीत असतं की हे खोटं आहे.

एक खरं उदाहरण बघू, आपल्या मुंबईतलंच. टाटांची टाटा ऑइल मिल्स, म्हणजे टॉम्को, ही जुनी साबण कंपनी. हमाम आणि ५०१ हे साबण तिचेच. नव्वदच्या सुरुवातीला ती अडचणीत आली आणि १९९३ साली हिंदुस्थान लिव्हरमध्ये तिचं विलीनीकरण ठरलं. दोघांचेही कारखाने शिवडीला. म्हणजे वर्षानुवर्षं एकमेकांशी स्पर्धा करणारे कामगार आता एकाच मालकाचे होणार होते.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात. ऑक्टोबर १९९४ मध्ये निकाल लागला आणि विलीनीकरण कायम झालं. पण आपल्या कामाची गोष्ट निकालात नाही, तर विरोध कुणी केला यात आहे. टॉम्कोचे कामगार घाबरले होते, हे समजण्यासारखं आहे. पण कोर्टात गेलेल्यांमध्ये हिंदुस्थान लिव्हरची स्वतःची कामगार संघटनासुद्धा होती! विकल्या गेलेल्या कंपनीचे लोक घाबरतात, हे आपण गृहीत धरतो. घेणाऱ्या कंपनीचे लोकही तितकेच अस्वस्थ होतात, हे विसरतो.

त्यांच्या मनात दोन प्रश्न होते. पहिला, पुढे आमची नोकरी राहणार का? कोर्टाच्या म्हणण्याचा अर्थ साधारण असा होता की विलीनीकरणाच्या योजनेत टॉम्कोच्या कामगारांची सेवा अखंड धरली आहे आणि अटी पूर्वीपेक्षा कमी नाहीत. पुढे कधी कपात होणारच नाही, अशी हमी मात्र कुणी देऊ शकत नाही. ती शक्यता विलीनीकरण झालं नसतं तरी होतीच.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. एकाच छपराखाली, एकच काम करणारे दोन माणसं, आणि दोघांच्या पगाराच्या अटी वेगळ्या, हे चालेल का? कोर्टाने सांगितलं की एवढ्या कारणावरून विलीनीकरण चुकीचं ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. पण कारखान्यात तो तिथूनच सुरू होतो. आपण ज्याला ‘दोन कंपन्यांच्या संस्कृतीचा झगडा’ म्हणतो, त्याचं मूळ मला तरी बहुतेक वेळा इथेच दिसतं. एकाचा सुपरवायझर शिट्टी वाजवतो आणि दुसऱ्याचा हाक मारतो, यावरून कुणी फार दिवस भांडत नाही. शेजारच्याच्या पगाराच्या पावतीवरून भांडतात.

आता हे आपल्या मापात आणू. समजा, देवनारच्या एका गाळ्यात तुमचं फरसाण पॅकिंगचं काम आहे, २५ माणसं. गोवंडीचं १२ माणसांचं युनिट तुम्ही घेताय. तुमच्याकडे पॅकिंगवाल्याला महिना १४,५०० मिळतात, तिकडे १६,०००. तिकडे शनिवारी उचल मिळते, शेठला थेट जाऊन बोलता येतं. तुमच्याकडे अंगठ्याचं हजेरी मशीन आहे आणि उचल बंद आहे.

औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे, मालक बदलला तर वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला भरपाई द्यावी लागते. ती टाळायची असेल तर तीन गोष्टी पाळाव्या लागतात: त्याची सेवा खंडित होऊ नये, नव्या अटी जुन्यापेक्षा कमी नसाव्यात, आणि पुढे कपात केली तर जुन्या मालकाकडची वर्षं धरून भरपाई देण्याची जबाबदारी तुमची असावी. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५एफएफमध्येही हीच चौकट होती. म्हणजे तिकडच्यांचे १६,००० तुम्ही १४,५०० करू शकत नाही.

मग तुमचे जुने २५ जण काय म्हणतील? “आम्ही पहिल्यापासून तुमच्यासोबत, आणि काल आलेल्यांना जास्त?” त्यांना बरोबरीला आणायचं तर महिना ३७,५०० रुपये वाढतात, वर्षाला साडेचार लाख. हा आकडा युनिटची किंमत ठरवताना धरायचा असतो. व्यवहार झाल्यावर कळला तर उशीर झालेला असतो.

दुसरा लपलेला आकडा ग्रॅच्युइटीचा. तिकडच्या एखाद्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० आणि नोकरी आठ वर्षं. हिशोब असा: १३,००० ला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, म्हणजे ७,५००. गुणिले आठ वर्षं, ६०,००० रुपये. सगळे बारा जण साधारण असेच असतील तर सव्वासात लाखांच्या आसपास. सेवा अखंड धरली की हे देणं तुमच्याकडे येतं. जुन्या शेठकडून ते किमतीत वळतं करून घ्या आणि करारात लिहून घ्या. आणि कामगारांना सांगा की तुमची आठ वर्षं धरली आहेत. बारापैकी प्रत्येकाच्या मनात हाच प्रश्न असतो, पण विचारायला कुणी पुढे येत नाही.

भीती वाढतेय हे कसं ओळखायचं? तोंडाने कुणी सांगणार नाही. जास्त उचल मागायला लागतात, कारण पुढचा भरवसा नसतो. चांगला मशीनवाला अनुभवाचं पत्र मागतो. डबा खाताना दोन टोळकी वेगवेगळी बसतात. आणि प्रश्न तुम्हाला न विचारता जुन्या शेठला फोन करून विचारले जातात. हे शेवटचं दिसलं तर समजा की माणसांनी तुम्हाला अजून मालक मानलेलं नाही.

म्हणून पहिल्या दिवशी भाषण नको, प्रत्येकाच्या हातात मराठीत एक पानी पत्र द्या, हिंदी वाचणाऱ्याला हिंदीत. त्यात तीन भाग ठेवा. काय बदलणार नाही: पगार, नोकरीची वर्षं, जमा रजा. काय बदलणार आणि कधीपासून: हजेरी मशीन, उचलीची पद्धत. आणि काय अजून ठरलेलं नाही, ते कोणत्या तारखेला सांगणार. पगार, कामाचे तास, रजा अशा गोष्टींत बदल करायचा असेल तर कायद्याने २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते, तेव्हा तारखा त्या हिशोबाने टाका. तेच पत्र तुमच्या जुन्या २५ जणांनाही द्या.

तिसरा भाग लिहायला मालकांना सगळ्यात जड जातं. ‘अजून ठरलं नाही’ म्हटलं तर आपण कमजोर दिसू असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. तारीख दिली आणि पाळली, की त्या दिवसापासून जुन्या शेठला जाणारे फोन कमी होतात.

एखादं युनिट घ्यायचा विचार असेल, तर किंमत बोलण्याआधी तिकडच्या प्रत्येकाचा पगार आणि नोकरीची वर्षं एका कागदावर मागून घ्या. शेठ तो कागद द्यायला टाळाटाळ करत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवा.