पाच टक्क्यांची अट

रत्नागिरी शहराला लागून असलेल्या मिरजोळे गावात औद्योगिक वसाहत आहे. आणि जेथे वसाहत, तेथे भाड्याच्या खोल्या ओघानेच आल्या. समजा, बाहेरगावाहून कामासाठी आलेल्या एका कुटुंबापुढे अशाच दोन खोल्यांचा तीन वर्षांचा करार ठेवला गेला आहे. भाडे दरमहा ८,००० रुपये, आणि खाली एक ओळ: ‘दरवर्षी बाजारभावाप्रमाणे वाढ.’ कुटुंबप्रमुख सही करण्यापूर्वी एवढेच म्हणतो की, ‘वाढ ५ टक्क्यांहून अधिक होणार नाही, असे लिहा.’ घरमालक हसून उत्तर देतो, ‘अहो, आपण काय परके आहोत? वर्ष झाले की बसून ठरवू.’

हा प्रसंग कल्पित असला तरी अपवादात्मक नाही. वर्षाअखेरीस ‘बसून ठरवू’ म्हणणारे दोन पक्ष सारख्या बळाचे नसतात, ही यातील मुख्य गोष्ट आहे. सहीपूर्वी खोली रिकामी असते आणि प्रत्येक रिकामा महिना मालकाचे ८,००० रुपये बुडवीत असतो. सही झाल्यावर, मुले शाळेत रुळल्यावर आणि गॅसची जोडणी झाल्यावर, घर बदलण्याचा सारा खर्च भाडेकरूच्या माथी येतो: टेम्पो, दलाली, नवी अनामत, बुडालेली रोजंदारी. मालक तेवढ्या रकमेपर्यंत भाडे निर्धास्तपणे वाढवू शकतो, कारण त्याखाली भाडेकरू हलणार नाही हे त्याला ठाऊक असते. म्हणून वाढीची मर्यादा मागण्याची वेळ सहीपूर्वीचीच.

कायद्याचा आधार कितपत आहे? १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जखडून ठेवले होते. भाडेकरूला त्याने संरक्षण दिले, हे खरे. परंतु दुरुस्तीचा खर्चही न निघणारे भाडे दशकानुदशके गोठून राहिले, तेव्हा इमारती जीर्ण झाल्या आणि पागडी फोफावली, हेही तितकेच खरे. अखेर १९९७ साली मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक कालांतराने मनमानी ठरली असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर आलेल्या, ३१ मार्च २००० पासून अमलात असलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ ने मधला मार्ग काढला: मालकाला दरवर्षी ४ टक्के वाढीचा हक्क. शून्य वाढ टिकली नाही, पण वाढीला ठरलेले माप असावे, हे तत्त्व मात्र मान्य झाले.

तथापि मिरजोळ्याच्या कुटुंबाने या ४ टक्क्यांवर विसंबून राहू नये. हा कायदा राज्यातील प्रत्येक गावाला आपोआप लागू होत नाही. अनुसूचीत नमूद किंवा शासनाने पुढे अधिसूचित केलेल्या क्षेत्रांपुरता तो आहे. दुसरे असे की, आजचे बहुतेक करार भाडेपट्ट्याचे नसून ‘लिव्ह अँड लायसन्स’चे असतात. त्यात राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो, आणि त्याचे शुल्क करारातील शब्दांवरच ठरते. त्याच कायद्याचे कलम २४ असे सांगते की, परवान्याचा लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा होय. तोंडी दिलेल्या ५ टक्क्यांच्या शब्दाला त्यापुढे काहीही किंमत उरत नाही.

आता हिशेब पाहू. ५ टक्के वाढीने तीन वर्षांचे मासिक भाडे अनुक्रमे ८,०००, ८,४०० आणि ८,८२० रुपये होते; एकूण ३,०२,६४० रुपये. १० टक्क्यांनी तेच ८,०००, ८,८०० आणि ९,६८० होते. एकूण ३,१७,७६० रुपये. फरक १५,१२० रुपयांचा. कामगाराच्या घरात ही रक्कम लहान नाही. मालकाच्या दृष्टीने मात्र ती दोन महिन्यांच्या भाड्याहूनही कमी आहे. भांडण होऊन खोली दोन महिने रिकामी राहिली, तर १० टक्क्यांचा सारा लाभ धुऊन निघतो. म्हणजे ५ टक्क्यांची मागणी ही याचना नव्हे. तीन वर्षे स्थिर, वेळेवर भाडे देणारा रहिवासी मिळण्याची ती किंमत आहे. शिवाय २०१६ साली रिझर्व्ह बँकेला महागाईचे जे लक्ष्य घालून देण्यात आले, ते ४ टक्क्यांचे आणि त्याची वरची मर्यादा ६ टक्क्यांची. त्या मानाने ५ टक्क्यांत मालकावर अन्याय होतो, असे म्हणता येणार नाही. खोल्या बांधून त्यावर म्हातारपण काढणारा छोटा मालकही कोकणात पुष्कळ आढळतो. त्याच्याशी याच हिशेबाने बोलता येते.

परंतु टक्का लिहून घेतला की काम संपले, असे नाही. पहिली फसगत शब्दांत होते. ‘कमीत कमी ५ टक्के’ आणि ‘जास्तीत जास्त ५ टक्के’ यांत अवघ्या एका शब्दाचा फरक आहे, पण अर्थ उलटा होतो. यावर उपाय जर्मनीच्या नागरी संहितेत सापडतो: टप्प्याटप्प्याने वाढणारे भाडे ठरवायचे असेल, तर प्रत्येक टप्प्याचे भाडे किंवा वाढ पैशाच्या रकमेत लिहावी लागते, नुसता टक्का चालत नाही. येथेही तसेच करावे. पहिले १२ महिने ८,०००, पुढील १२ महिने ८,४००, शेवटचे १२ महिने ८,८२० असे आकडे करारात असले, म्हणजे वादाला जागा उरत नाही. पाणी व देखभालीचा खर्च या रकमेत धरला आहे की वेगळा, तेही तेथेच लिहावे. नाहीतर दारातून अडवलेली वाढ खिडकीतून आत येते.

दुसरी फसगत अधिक खोल आहे. करारात वाढ ५ टक्के, पण दुसऱ्याच कलमात ‘मालक एक महिन्याची सूचना देऊन करार संपवू शकेल’ असे असेल, तर ती मर्यादा पोकळ होय. मालक अकराव्या महिन्यात सूचना देईल आणि नव्या भाड्याचा नवा करार पुढे करील. म्हणून मर्यादेच्या जोडीला दुसरे वाक्य हवे: भाडे थकल्याशिवाय अथवा अटींचा भंग झाल्याशिवाय ३६ महिने मालक करार संपवणार नाही. ही दोन कलमे एकमेकांवाचून लंगडी आहेत.

करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. जेथे १९९९ चा कायदा लागू आहे, तेथे नोंदणीची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. नोंदणी नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तीन वर्षांनंतर मात्र हे कवच संपते. मुदत उलटूनही राहिल्यास कलम २४ प्रमाणे दुप्पट शुल्क भरावे लागू शकते; तेव्हा नूतनीकरणाची बोलणी तेहतिसाव्या महिन्यातच सुरू करणे शहाणपणाचे.

वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांकडे तंट्याची कागदपत्रे बहुधा सही झाल्यावर येतात, आणि तोवर वेळ टळून गेलेली असते. मसुदा सहीपूर्वी मागवावा, त्यात तीन रकमा आणि ३६ महिन्यांची हमी आहे का ते वाचावे, आणि ‘बाजारभाव’ हा शब्द दिसला की त्यावर रेघ मारून मगच कागद परत करावा.