‘व्हॉट्सअ‍ॅप करा’ म्हणणाऱ्या साहेबांना

अपघाताचं चित्रण घेऊन पोलीस ठाण्यात जा. तपास अधिकारी मान वर न करता सांगतो, "व्हॉट्सअ‍ॅप करा." मी अपघात दाव्यांची वकिली करतो. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण पुरावा तिथेच मरतो. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं, बारकावे पुसट होतात आणि मूळ फाइलच्या पोटातली माहिती गळून पडते.

माझ्या एका अशिलासमोर चौकात टेम्पो सिग्नल तोडून आडवा आला. डॅशकॅम सुरू होता. हे कॅमेरे मिनिट-दोन मिनिटांच्या तुकड्यांत चित्रण साठवतात आणि कार्ड भरलं की जुन्या तुकड्यांवर नवे चढवतात. धडकेचा तुकडा सेन्सरनं राखून ठेवला. पण तो सुरू होतो तेव्हा गाडी चौकाच्या मधोमध आहे. हिरवा दिवा होता आधीच्या तुकड्यात. अशील चेपलेली गाडी घेऊन आठवडाभर कामावर गेला आणि तो तुकडा पुसला गेला. उरली ती त्या तुकड्याची साहेबांना पाठवलेली नक्कल. तीत दिवा म्हणजे एक पांढरट ठिपका, आणि कोपऱ्यात तारीख 01/01/2019, कारण कॅमेऱ्याचं घड्याळ कुणी लावलंच नव्हतं. विमा कंपनीच्या वकिलाला आणखी काय हवं?

कार्ड जप्त करून पंचनामा करणं हे पोलिसांचं काम होतं. ते अर्ध्या तासाचं काम टाळलं, म्हणून जखमी माणूस खोटा ठरतो. ही निव्वळ कामचुकारी आहे.

कायदाही जखमी माणसावरच ओझं टाकतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार नकलेसोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं. एक भाग उपकरण सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य. फाइलमधला एक कण जरी बदलला तरी हे मूल्य बदलतं, म्हणून ती अट रास्तच आहे. पण पायाला प्लास्टर घातलेल्या माणसानं तज्ज्ञ कुठून आणायचा? दावा प्राधिकरण पुराव्याच्या नियमांत थोडं सैल असतं, फौजदारी न्यायालय नसतं.

जालन्याच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये, जुन्या कायद्याखाली, एक वाट स्पष्ट केली होती: मूळ उपकरणच मालकानं साक्षीत हजर केलं, तर प्रमाणपत्र लागत नाही. म्हणून मूळ वस्तू जपा. धडक झाली की कार्ड काढून घ्या, दुसरं घाला. वाहतूक पोलिसाशी वाद झाला असेल, तर फोनमधला व्हिडिओ पहिल्या शब्दापासून अखंड ठेवा. आपली शिवी कापून टाकलीत, तर उरलेल्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि साहेब पुन्हा ‘व्हॉट्सअ‍ॅप करा’ म्हणाले, तर कार्ड पंचनाम्याखाली जप्त करावं असा लेखी अर्ज द्या, आणि त्याची पोच घेतल्याशिवाय ठाण्याबाहेर पडू नका.