लिफ्टमधील नमस्कार

देहू आणि आळंदी या दोन क्षेत्रांच्या मधोमध पिंपरी-चिंचवडची औद्योगिक वस्ती उभी आहे. या दोन्ही गावांच्या वाटेवर अनोळखी माणूस भेटला की 'रामकृष्ण हरी' म्हणावे, वाकून एकमेकांच्या पाया पडावे आणि समोरच्याला 'माउली' म्हणावे, ही वारकऱ्यांची जुनी रीत. त्याच परिसरातील बारा मजली इमारतीत मात्र रोज भेटणारी दोन माणसे लिफ्टमध्ये शिरली की एकाची दृष्टी मजल्यांच्या आकड्यांवर आणि दुसऱ्याची मोबाइलवर खिळते. यात नवल नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. पुढे औद्योगिक वसाहत वाढली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि कारखानदारी चाकणपर्यंत पोहोचली. मराठवाडा, विदर्भ, बिहार, ओडिशा अशा दूरदूरच्या प्रदेशांतून आलेली माणसे येथे एका जिन्याची शेजारी झाली. पण परस्परांना ओळखण्याची सामाईक रीत त्यांच्याजवळ नव्हती.

अशा अबोल्याला नेहमीच उद्धटपणा म्हणणे न्याय्य नाही. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की, अनोळखी माणसाकडे एकदा पाहून त्याची दखल घेणे आणि मग नजर वळवून त्याला मोकळे सोडणे हेही सौजन्यच आहे. लिफ्टच्या कोंदट चौकोनात तर हे सौजन्य विशेष लागते. रात्रपाळी करून सकाळी घरी परतणाऱ्या कामगाराला गप्पा नकोत, झोप हवी असते. एकट्या स्त्रीला अनोळखी पुरुषाने 'आपण कितव्या मजल्यावर राहता?' असे विचारले, तर हेतू कितीही निर्मळ असला तरी तिला तो प्रश्न पत्त्याची चौकशीच वाटणार.

तरीही दखल घेणे आणि दुर्लक्ष करणे यांत अंतर आहे. शिकागोच्या परिसरातील रेल्वे व बसप्रवाशांवर निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी केलेले प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. गप्प बसलो तर प्रवास अधिक सुखाचा होईल, असा प्रवाशांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ज्यांना अनोळखी सहप्रवाशाशी बोलण्यास सांगितले होते, त्यांचाच प्रवास अधिक आनंदाचा ठरला. समोरच्याला आपल्याशी बोलायचे नसेल, ही भीतीच पुष्कळदा आपले तोंड बंद ठेवते. परंतु तो प्रवास बराच वेळ चालणारा होता. लिफ्टचा प्रवास जेमतेम मिनिटाचा. म्हणून तेथे मान लववणे, 'नमस्कार' म्हणणे, फार तर पाण्याच्या टँकरविषयी एखादे वाक्य एवढेच शोभते. मजला आला तरी दार अडवून धरून वाक्य पुरे करणारा गृहस्थ आतल्या इतरांचा वेळ खर्चीत असतो.

प्रतीक्षालयाचे गणित निराळे. समजा, एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सासूला घेऊन आलेल्या सुनेचा क्रमांक बेचाळीस आहे आणि आत अकरावा गेला आहे. शेजारच्या बाकावरील वृद्धाने 'बराच वेळ लागेल असे दिसते' म्हटले, तर ते बोलण्याचे आमंत्रण झाले. तिने 'हो ना, तुमचा कितवा?' असा उलट प्रश्न केला, तर संभाषणाला संमती मिळाली. नुसते 'हो' म्हणून ती सासूकडे वळली, तर तेथेच थांबावे. उलट प्रश्न येतो की नाही, याहून सोपी कसोटी नाही. पुढे बोलणे रंगले, तरी दोघांपैकी कोणी कागद चाळू लागले किंवा उत्तरे एकेका शब्दाची झाली, की 'बसा निवांत' म्हणून मोकळे व्हावे.

खरी अडचण तिसऱ्या वाक्यापाशी येते. 'गाव कोणते?' यानंतर आपल्याकडे 'आडनाव काय?' हा प्रश्न ओघानेच येतो, आणि त्या आडनावातून पुष्कळ जण जात वाचतात. उत्तर ऐकून विचारणाऱ्याचा स्वर बदलला, बाकावरील अंतर किंचित वाढले, हा अनुभव ज्याच्या वाट्याला आला आहे, तो पुढच्या वेळी अनोळखी माणसाशी बोलणेच टाळतो. त्याच्या मौनाला माणूसघाणेपणा म्हणण्याआधी आपला प्रश्न तपासावा. दुसरा असाच प्रश्न 'काय होतंय?' हा. आजार विचारणे आणि मागोमाग घरगुती औषध सुचवणे यांत जिव्हाळा असेल. पण तपासणीच्या निकालाने धास्तावलेल्या माणसाला तो भारच होतो.

वारकऱ्याच्या 'माउली'चे मर्म येथेच आहे. त्या संबोधनाला नाव, गाव, आडनाव काहीच आधी ठाऊक असावे लागत नाही. वारीत वाट एक असते, ध्येय एक असते. लिफ्टमध्ये तसे काही नसते, म्हणून तेथे पाया पडण्याची अपेक्षा कोणी करणार नाही. पण नमस्कार आधी आणि चौकशी, ती हवी असेल तरच, नंतर हा क्रम बारा मजली इमारतीलाही पाळता येईल. नमस्काराला उत्तर आले नाही, तरी राग धरू नये. तो माणूस कदाचित रात्रपाळी करून आला असेल.