पोहे भिजवायच्या आधी

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या निपाणीच्या आत्याच्या अंगात वारं भरतं. चार महिने देव झोपलेले असतात, मुहूर्त नसतात, म्हणून आत्याही गप्प असते. कार्तिकी द्वादशी ते पौर्णिमा एवढ्या दिवसांत गावातल्या तुळशी उरकल्या की तिचा फोन सुरू होतो. या वर्षीही झालाच. संध्याकाळी कामावरून येऊन मी चपला काढत होते, तोवर फोन वाजला.

"काय करुलालीस गे? ऐक, स्थळ आलंय. मुलगा कोल्हापूरकडं कारखान्यात आहे. एकुलता. मराठी शाळेत शिकलेला. पुढच्या रविवारी ती माणसं बेळगावला येणारच आहेत दुसऱ्या कामाला. जाता जाता बघून जातील. नुसतं बघायला काय जातंय?"

मी आतून एकदम आखडले. मुलाबद्दल काहीच तक्रार नव्हती, असण्याचं कारणही नव्हतं. माझीच तयारी नव्हती. पण फोनवर मी म्हणाले, "आत्या, तू रविवारचं पक्कं करू नकोस. मीच निपाणीला येते शनिवारी. मग बोलू." फोन ठेवल्यावर आईनं नुसतं माझ्याकडं बघितलं. आम्हा दोघींनाही चार वर्षांपूर्वीचं सगळं आठवत होतं.

तेव्हा बाबा होते. आत्यानं असंच एक स्थळ आणलं होतं. तेव्हाही मनातून माझा नकारच होता, पण मी म्हटलं होतं "बघू". वाचकहो, हा शब्द फार फसवा आहे. म्हणणाऱ्याला वाटतं आपण विषय टाळला. ऐकणाऱ्या आत्या-मावशीला त्यात "हो, पण लाजते" एवढंच ऐकू येतं. त्या एका "बघू"वर आत्यानं माझा स्टुडिओतला फोटो दिला, पत्रिका दिली, त्यांची घेतली. त्यांच्या गुरुजींनी छत्तीसपैकी सव्वीस गुण काढले. अठरा जमले तरी लोक पुढं जातात, इथं तर सव्वीस. नाडीही वेगळी. मग त्यांनी आमची चौकशी केली, आम्ही त्यांची. प्रत्येक टप्प्यावर मला वाटायचं, अजून वेळ आहे, पुढं बघता येईल. आणि एका रविवारी सकाळी आठ माणसं आमच्या ओट्यावर चपला काढत होती.

पोहे आईनं केले, ट्रे मी नेला. मुलगा चांगला होता बिचारा. मला "तुम्हाला काय आवडतं" असं विचारताना त्याचेच कान लाल झाले होते. तीन दिवसांनी त्यांचा होकार आला आणि मी आईच्या कुशीत तोंड खुपसून नाही म्हणाले.

नकार कळवायचं काम बाबांच्या अंगावर पडलं. आपल्याकडं नकाराचं एक ठरलेलं वाक्य आहे, "पत्रिका जुळत नाही." त्यात कुणाचाच दोष नसतो, म्हणून ते सगळ्यांना चालतं. पण ते चालतं पत्रिकेच्या टप्प्यापर्यंतच. पोहे खाऊन गेलेल्या माणसांना ते कसं सांगणार? बाबांनी तेच सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "आमच्या गुरुजींनी सव्वीस काढलेत की हो." बाबा म्हणाले, "आमच्या गुरुजींचं मत जरा वेगळं पडलं." झालं. गुण जुळूनही गुरुजी नको म्हणाले, म्हणजे मुलीला मंगळ असणार असं पाहुण्यापाहुण्यांत ठरून गेलं. मंगळ गुणांत धरत नाहीत, तो वेगळा बघतात, त्यामुळं या तर्काला काही अडलं नाही. पुढं वर्षभर आई जाईल तिथं "नाही हो, मंगळ नाही" असं सांगत फिरली.

आत्याचं काय झालं ते मला उशिरा कळलं. त्या मंडळींनी आमच्यासाठी दुसरीकडचं बघणं पुढं ढकललं होतं. ढकला असं सांगणारी आत्या. तिच्या गल्लीतल्या हळदीकुंकवाला त्या मुलाची मावशी तिच्याशी बोलली नाही. आत्यानं आम्हाला शब्दानं सांगितलं नाही, तिच्या सुनेकडून कळलं.

बाबा रागावले नाहीत. कपाटात पत्रिका ठेवता ठेवता एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी नाही म्हणायचं असेल तर पोहे भिजवायच्या आधी सांग, बाई." पुढच्या वर्षी ते गेले.

म्हणून या वेळी मी शनिवारी सकाळची एस.टी. धरली. आईला विचारलं होतं, तूच फोनवर सांगशील का? ती म्हणाली, "मी सांगितलं तर वन्संना वाटेल पोरीचा पगार सुटत नाही म्हणून मीच अडवून धरलंय." मला एकदम चपराक बसल्यासारखं झालं. बाबा गेल्यावर घर माझ्या पगारावर चालतं, हे सगळ्यांना माहीत आहे. माझा नकार आईच्या तोंडून गेला असता तर तो आईचाच ठरला असता. ज्या घरात वडील नाहीत आणि मुलगी मिळवती आहे, तिथल्या मुलींनी हे ध्यानात ठेवावं.

आणखी एक सोपी वाट होती. बाबांच्या आजारपणात पतसंस्थेतून काढलेलं कर्ज अजून सहा महिने आहे, तेच पुढं करता आलं असतं. पण आत्याला मी ओळखते. ती म्हणाली असती, "एवढंच ना? मी भरते हप्ते." आणि खरंच भरले असते, पाटल्या मोडून. मुलात काही खोड काढावी तर ती दुसरा आणणार, बिनखोडीचा. परीक्षा आहे म्हणावं तर निकालाच्या दिवशी दारात उभी राहणार. जे कारण समोरच्याला दूर करता येतं, ते सांगितलं की तो ते दूर करायलाच लागतो. मग उरलं ते खरं कारण.

आत्याकडं पोचले तेव्हा ती शेंगा सोलत होती. कुंद्याचा डबा बघून म्हणाली, "हे कशाला? रविवारी पाहुण्यांना लागेल की." मी तिच्याबरोबर शेंगा सोलायला बसले.

"आत्या, रविवारी त्यांना बोलवू नकोस. मला आत्ता लग्नाचं बघायचं नाही."

"मुलगा आवडला नाही? फोटो तरी बघितलास?"

"बघितलेला नाही आणि बघणारही नाही. बघितला तर तो मुलाला नकार होईल. हा मुलाला नकार नाही."

तिचे हात थांबले. मग मी सांगितलं. बाबा गेल्यापासून तीन वर्षं मी दवाखाना, कर्ज, आईची औषधं, घराची पट्टी यातच आहे. आत्ता कुठं रात्री सलग झोप लागायला लागली आहे. या स्थितीत कुणाच्या घरी गेले तर सुटका म्हणून जाईन, आणि तसं मला जायचं नाही. माझा आवाज थोडा कापला, पण वाक्य पूर्ण झालं.

आत्या थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अण्णा गेला तेव्हापासून मला रात्री तेच येतं मनात. पोरीचं राहिलं. उद्या मी गेले तर तुझं कोण बघणार?"

तोवर मला वाटत होतं आत्याला जुळवण्याची हौस आहे. हौस आहेच, पण माझ्या बाबतीत ती भावाचं राहिलेलं काम करत होती. माझा नकार तिला बाबांना दिलेला नकार वाटत होता. मग मी तिला बाबांचं ते पोह्यांचं वाक्य सांगितलं. तिला ते माहीत नव्हतं. ती हसली आणि पदरानं डोळे पुसले.

तरी तिनं सोडलं नाही, ती आत्याच. "नुसतं बघायला काय हरकत? बघितलं म्हणजे काय लग्न झालं?"

"त्यांचा होकार आला तर? मागच्यासारखं तूच तोंड देणार."

यावर तिच्याकडं उत्तर नव्हतं. मग पुढचा प्रश्न, "मग कधी?" इथं मी जपून बोलले. तारीख दिली की ती लग्नाची तारीख होते. मी म्हटलं, "पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर मी स्वतः येऊन सांगेन. तेव्हाही कदाचित अजून नाही असंच सांगेन. पण तुला विचारावं लागणार नाही. तोवर माझी पत्रिका कुणाला द्यायची नाही."

इथं एक घोळ निघालाच. पत्रिका आणि फोटो दोन ठिकाणी गेले होते, सुनेच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून. पूर्वी फोटो परत मागवता यायचा, लोक पाकिटात घालून पाठवायचेही. आता तो कुठवर गेला कुणास ठाऊक. सुनेनं दोन्हीकडं कळवून काढून टाकायला सांगितलं. काढला असेल असं धरून चालायचं.

शेवटी त्या मंडळींना काय सांगायचं, ते आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. पत्रिकेचं नाव काढायचं नाही, कारण ते आम्ही एकदा भोगलं होतं. आत्यानं माझ्यासमोरच फोन लावला. "वहिनी, माझीच घाई झाली. भाची इतक्यात लग्नाचं बघत नाही. तुमचं स्थळ तिला दाखवलंच नाही, तेव्हा तुम्ही मनाला लावून घेऊ नका, आणि आमच्यासाठी थांबू नका." पलीकडचं बोलणं कोरडं होतं, एक-दोन शब्दांत संपलं. आत्यानं फोन ठेवला आणि बराच वेळ शेंगांची टरफलं गोळा करत बसली. जेवायला वाढतानाही फारसं बोलली नाही. मला स्टँडवर सोडायला मात्र आली.

पंधरा दिवस फोन नाही. आई रोज विचारायची, वन्संचा आला का? मीच दोनदा केला, तर सुनेनं उचलला. वाईट वाटलं, पण मला राहून राहून ओट्यावरच्या त्या आठ जोड चपला आठवत होत्या.

सोळाव्या दिवशी आत्याचा फोन आला. आईच्या गुडघ्याची चौकशी केली, नवीन तेल सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ऐक, तुला टायपिंग येतंय ना मराठीतलं? खानापूरची एक मुलगी आहे. त्या कोल्हापूरच्यांना दाखवीन म्हणते. तिचा बायोडाटा नीट करून दे. आणि हे बघ, आधी तिला विचारलंय मी. दोनदा विचारलंय."