समारोप नाही, चार गुण

‘समारोप नाही. दहापैकी चार.’ एका महाविद्यालयाच्या निबंधस्पर्धेचा गठ्ठा या आठवड्यात माझ्याकडे आला, तेव्हा एका मुलीच्या निबंधाखाली सहपरीक्षकांनी मारलेला हा शेरा वाचला आणि हातातला चहा गार झाला. विषय होता व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. त्याच गठ्ठ्यातल्या दुसऱ्या एका निबंधाला त्याच लाल पेनानं नऊ गुण दिलेले. शेजारी शेरा, ‘सुरुवात व शेवट यांचा उत्तम मेळ’. मेळ कसला, तर पहिल्या परिच्छेदातलं वाक्य शेवटच्या परिच्छेदात जसंच्या तसं आलेलं, फक्त त्याच्या आधी ‘अशा प्रकारे’ चिकटवलेलं.

‘साहित्य हा समाजाचा आरसा’ या वाक्यावर या जागेत पूर्वी पुरेसं लिहून झालं आहे आणि त्यावरची रागावलेली पत्रंही वाचून झाली आहेत, म्हणून तो विषय आज उकरत नाही. नऊवाला निबंध त्याच वाक्यानं सुरू होतो, एवढीच नोंद करून पुढे जातो.

तर हा नऊवाला. आरसा झाला की लेखकाचा जन्म, मग माणदेश, मग कादंबरी १९५५ साली आली ही माहिती, आणि परिच्छेदाच्या शेवटी निबंधाचं मुख्य विधान: या कादंबरीत माणदेशातील ग्रामीण जीवनाचं वास्तव चित्रण आलं आहे. पुढे पाच पानं पुरावे. धनगर आहेत, मेंढरं आहेत, दुष्काळ आहे, बोली आहे. शेवटी ‘अशा प्रकारे’ आणि पुन्हा तेच विधान.

आपल्याकडच्या मार्गदर्शिका यावर एक उपाय सांगतात: शेवटी वाक्य बदलून लिहा. म्हणजे ‘ग्रामीण’च्या जागी ‘खेड्यातील’, ‘चित्रण’च्या जागी ‘दर्शन’. या मुलानं हा सल्ला पाळला असता तर सहपरीक्षकांनी बहुधा दहा दिले असते. पण दुखणं तिथे नाहीच. त्याचा शेवट फसला तो पहिल्याच पानावर. ‘ग्रामीण जीवनाचं वास्तव चित्रण आलं आहे’ या वाक्याला ‘नाही, आलेलं नाही’ असं म्हणणारा वाचक मला शोधून दाखवा. ज्या विधानावर कुणी भांडूच शकत नाही, ते पाच पानांत कुठे जाणार? त्याला अडवणारं कुणी नाही, वळवणारं कुणी नाही. सुरुवातीला होतं तिथेच ते शेवटी उभं असतं, आणि मग लिहिणाऱ्यासमोर ते पुन्हा उच्चारण्यावाचून दुसरी वाट राहत नाही.

आता चार गुणांची मुलगी. तिची सुरुवात चार वाक्यांची आहे. तिचा कागद परत करावा लागला, म्हणून आशय माझ्या शब्दांत देतो. मास्तर पगारी नोकर म्हणून मुलं शिकवायला वाडीत येतो. कादंबरी वाचून झाल्यावर मात्र त्यानं वर्गात काय शिकवलं ते फारसं आठवत नाही, आठवतात ती त्यानं लोकांची केलेली कामं. या कादंबरीला सुधारक मास्तराची गोष्ट म्हटलं जातं. मला वाटतं, वाडी त्याला सुधारणा करू देत नाही, ती त्याला कामाला लावते.

या चार वाक्यांची चाल बघा. पहिलं सगळ्यांना माहीत असलेलं, त्यामुळे वाचक बिनघोर आत येतो. दुसऱ्यात एक अडचण, आणि ती कादंबरीच्या पानांतूनच काढलेली. लेखकाच्या जन्मगावातून नाही, समाजातून नाही. तिसऱ्यात समोरच्याचं मत. (‘म्हटलं जातं’ म्हणजे कोण म्हणतं, हे तिनं सांगायला हवं होतं. कर्मणी प्रयोगाच्या मागे दडलेला हा अज्ञात समीक्षक मराठीत अर्धी समीक्षा लिहितो.) चौथ्यात तिचं विधान, आणि ते असं की त्यावर वाद घालता येतो. ‘छे, वाडीत उभ्या राहिलेल्या तालमीचं काय मग?’ असं कुणीही विचारू शकतं. मुख्य म्हणजे, तिला स्वतःलाच ते विचारावं लागतं.

आणि ती विचारते. निबंधाच्या मधल्या भागात आधी तिच्या बाजूचे पुरावे येतात. लोकांची पत्रं लिहिणं, बाहेरची कामं करून आणणं, तंटे ऐकणं. म्हाताऱ्या कारभाऱ्याचा शब्द मागे असला तरच शाळेत पोरं दिसणं. मग तालीम येते. गावानं श्रमदानानं बांधलेली, राजेसाहेबांच्या पायांनी पावन झालेली. इथे तिचं विधान अडतं, कारण ही तर उघडउघड सुधारणा आहे आणि वाडीनं ती होऊ दिली आहे. मुलीनं पळ काढला नाही. तिनं विधान थोडं वाकवलं: जे काम वाडीला स्वतःचं वाटलं, त्यातच मास्तर यशस्वी झाला. तालीम झाली ती लोकांचे हात लागले म्हणून. शाळेला ते हात कधी लागले नाहीत.

मग शेवटचा परिच्छेद, ज्याला ‘समारोप नाही’ म्हणतात. पाऊस पडत नाही, मेंढरं मरतात, लोक पोटामागे वाडी सोडतात. मास्तराला कुणी हाकललेलं नाही, शाळा कुणी बंद पाडलेली नाही, तरी त्याला तिथे करण्यासारखं काही उरत नाही. पत्र सांगायला माणूस नाही, तालमीत घुमायला पोर नाही. ही कादंबरी ‘मी’ सांगतो, आणि वाडीला ज्या वेळी हा ‘मी’ लागेनासा होतो त्या वेळी ती संपते.

सहपरीक्षकांना फोन केला. ते म्हणाले, “अहो, पण मुद्दा पुन्हा कुठे मांडलाय तिनं?” मी म्हटलं, “मांडलेला नाही, वापरलाय.” फोनवर थोडा वेळ शांतता पसरली आणि मग त्यांनी नियमावलीचा कागद वाचून दाखवला.

वापरलाय म्हणजे काय, ते नीट पाहू. ‘वाडी त्याला कामाला लावते’ हे वाक्य शेवटात कुठेच नाही. पण ते खरं मानलं तरच शेवट उभा राहतो. वाडीनं दिलेली कामं हेच मास्तराचं तिथलं अस्तित्व असेल, तर वाडी उठल्यावर ते अस्तित्वही उठणार. आणि गोष्ट सांगणारा तोच असेल, तर गोष्टही तिथेच थांबणार. विधानातून निघणारं हे फळ पहिल्या पानावर सांगता आलं नसतं. तालीम कशी उभी राहिली ते माहीत नसलेल्या वाचकाला तालमीतल्या रिकाम्या मातीचं काय? तिनं कादंबरीच्या शेवटाबद्दल एक नवी गोष्ट सांगितली: तो फक्त दुष्काळानं आलेला शेवट नाही, तो निवेदकाच्या नोकरीचाही शेवट आहे.

हे ओळखायची एक साधी रीत आहे. निबंधाचं मधलं सगळं झाकायचं आणि पहिल्या परिच्छेदाखाली लगेच शेवटचा वाचायचा. नऊवाल्या निबंधात कुठेही ठेच लागत नाही. पाच पानं उडाली तरी काही हरवल्यासारखं वाटत नाही, म्हणजे त्या पाच पानांनी काहीच केलं नव्हतं. चारवाल्या निबंधात मात्र आपण दचकतो. ही तालीम कुठून आली, हा ‘मी’ एकदम महत्त्वाचा का झाला? हे दचकणं हवं. मात्र पूर्ण निबंध वाचल्यावर ते नाहीसं व्हायला हवं. तेव्हाही वाचक दचकत असेल, तर शेवट निबंधाबाहेरून आणलेला आहे.

सहपरीक्षकांचा आणखी एक बचाव होता, आणि तो मला आवडला. ते म्हणाले, पुनरुक्ती ही आपली परंपरा आहे, कीर्तनात ध्रुपद पुन्हा पुन्हा येतंच की. येतं, कबूल. पण वारकरी कीर्तनाला बसलेल्या कुणालाही विचारा. ध्रुपद टाळकरी धरून ठेवतात, बुवा मात्र चरणाचरणानं पुढे जात असतात, आणि निरूपण संपवायला हात घालतात तो शेवटच्या चरणाला. पहिल्या चरणावर जे सांगितलं तेच शेवटच्या चरणावर सांगणाऱ्या बुवांना पुढच्या वर्षी सप्ताहाला कोण बोलावतं?

ही ‘अशा प्रकारे’ची साथ आली कुठून, याबद्दल माझं एक मत आहे. नियमित वाचक ते ओळखून असतीलच: सत्कारसमारंभातून. आपल्या व्यासपीठांवर वक्ता ‘मी आपला जास्त वेळ घेणार नाही’ म्हणून सुरू होतो, चाळीस मिनिटं घेतो आणि ‘पुन्हा एकदा सत्कारमूर्तींचं अभिनंदन करून मी माझे दोन शब्द संपवतो’ म्हणून खाली बसतो. शाळेपासून हे ऐकत वाढलेल्या पिढ्यांनी निबंधाचा आकार तिथूनच उचलला असणार. पुरावा माझ्याकडे नाही. पण कोणताही मराठी प्रबंध उघडा आणि त्याच्या शेवटच्या प्रकरणात हार-तुऱ्यांचा वास येतो की नाही बघा.

हे सगळं वाङ्मयीन निबंधापुरतं, हेही सांगायला हवं. शास्त्रीय लेखात निष्कर्ष पुन्हा स्वच्छ सांगावाच लागतो, कारण तिथे अनेक वाचक मधलं सगळं वाचत नाहीत. तीस पानांच्या समीक्षालेखात, वाचकाच्या हातून धागा सुटला असेल म्हणून, शेवटाकडे विधानाची आठवण दिली तरी चालते. तीही मध्ये वाकवलेल्या रूपात, मूळ रूपात नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेबाबत तर मी मुलांना सरळ सांगतो, की तपासणाऱ्याच्या समोर गठ्ठा आहे आणि त्याचे डोळे समारोप शोधत खाली उतरतात. तिथे एक ओळ त्याच्यासाठी लिहा. पण ही ओळ परिच्छेदाच्या सुरुवातीला टाका. शेवटचं वाक्य स्वतःसाठी राखून ठेवा.

चार गुणांच्या निबंधात दोष नव्हता असं नाही. ‘मी’वरच्या त्या वाक्यानंतर तिनं आणखी दोन वाक्यं लिहिली होती. अमोल पालेकरांनी १९९५ साली या कादंबरीवर चित्रपट केला, आणि आजही दुष्काळी भागातली माणसं ऊसतोडीसाठी गाव सोडतात. दोन्ही गोष्टी खऱ्या, पण दोन्ही तिथे नकोत. शेवटाला विधानातून निघालेली नवी गोष्ट चालते, नवा पुरावा चालत नाही, कारण तो तपासायला आता पानच उरलेलं नसतं. चित्रपटाचा उल्लेख हवाच होता तर तो मध्ये, निवेदकाच्या मुद्द्यापाशी यायला हवा होता. कॅमेऱ्यापुढे मास्तर हाही इतरांसारखा दिसणारा एक माणूस होतो, मग या गोष्टीतल्या ‘मी’चं काय होतं, हा प्रश्न तिच्या विधानाला खरोखर टोचला असता. ऊसतोडीचं वाक्य मी पेन्सिलीनं खोडलं, आणि गुणांच्या रकान्यात माझे आठ लिहून गठ्ठा तिसऱ्या परीक्षकांकडे पाठवून दिला.