विश्लेषण : जुन्या रिपोर्ट फाइल्स कधी पुसाव्यात? मुदत फाइलच्या तारखेवरून मोजणे का चुकीचे?

मार्च संपला की अनेक छोट्या कंपन्यांत सर्व्हर रिकामा करण्याची मोहीम निघते. ‘आठ वर्षांपूर्वीचे सगळे काढून टाका’ असा तोंडी आदेश येतो आणि जुने विक्री रिपोर्ट, स्टॉकचे तक्ते, खतावण्या एकगठ्ठा पुसल्या जातात. जुन्या फाइल्स पुसण्याला हरकत नाही. हरकत आहे ती मुदत चुकीच्या तारखेपासून मोजण्याला आणि फाइलसोबत तिचा इतिहासही पुसण्याला.

कायदा काय सांगतो?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ नुसार चालू वर्षाआधीच्या किमान आठ आर्थिक वर्षांची हिशेबपुस्तके, संबंधित व्हाउचर्ससह जपावी लागतात. जीएसटी कायद्याचे कलम ३६ वेगळे मोजते. त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने.

समजा, एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीकडे २०२३-२४ चे विक्री रिपोर्ट आहेत. वार्षिक विवरणपत्राची अंतिम तारीख होती ३१ डिसेंबर २०२४, म्हणजे जीएसटीची मुदत ३१ डिसेंबर २०३० ला संपते. पण कंपनी कायद्यानुसार २०३१-३२ हे वर्ष चालू असताना मागच्या आठ वर्षांत २०२३-२४ येतेच. त्यामुळे हे रिपोर्ट ३१ मार्च २०३२ पर्यंत ठेवावे लागतील. दोन मुदतींपैकी उशिरा संपणारी धरायची, हा साधा नियम.

त्याला एक अपवाद आहे. त्या वर्षाबाबत जीएसटीचे अपील किंवा चौकशी सुरू असेल, तर अंतिम निकालानंतर एक वर्ष किंवा मूळ मुदत, यातील जे नंतर येईल तोपर्यंत संबंधित नोंदी ठेवाव्या लागतात. म्हणून अशा फाइल्सवर ‘पुसू नये’ अशी खूण हवी आणि ती खूण मुदतीच्या नियमापेक्षा वरचढ असायला हवी.

चूक कुठे होते?

बहुतेक ठिकाणी संगणक फाइलची तारीख पाहतो, आर्थिक वर्ष नाही. जुनी एक्सेल फाइल कोणी उघडून सेव्ह केली की तिची बदलाची तारीख आजची होते. क्लाउडवरील आपोआप पुसण्याचे नियमही बहुधा फाइल अपलोड झाल्या दिवसापासून दिवस मोजतात. त्यामुळे काही फाइल्स नको तितक्या रेंगाळतात. याउलट, वर्ष सुरू असताना एप्रिलमध्ये बनलेला रिपोर्ट स्वतःच्या तारखेपासून आठ वर्षे मोजल्यास जवळपास वर्षभर आधीच पुसला जातो. उपाय असा की, प्रत्येक फाइलचे आर्थिक वर्ष आणि मुदत संपण्याची तारीख एका नोंदवहीत लिहायची आणि पुसण्याचा निर्णय तिच्यावरूनच घ्यायचा.

पीडीएफ पुरेशी का नाही?

१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे ‘एडिट लॉग’, बंधनकारक आहे. ही सुविधा बंद करता येत नाही. लॉग कायद्याच्या मुदतीप्रमाणे जपला का, हेही लेखापरीक्षकाला अहवालात सांगावे लागते.

हा लॉग पीडीएफमध्ये नसतो, तो सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये असतो. पीडीएफ फक्त शेवटचा आकडा दाखवते. कंपनी नवे सॉफ्टवेअर घेते तेव्हा बऱ्याचदा फक्त आरंभीच्या शिलका पुढे नेल्या जातात, लॉग जुन्या संगणकावरच राहतो. तो भंगारात गेला की लॉगही गेला. म्हणून डेटाबेसचा बॅकअप, तो उघडणारी सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि परवाना एकत्र जपावा. वर्षातून एकदा तो बॅकअप उघडून एखाद्या जुन्या व्हाउचरचा लॉग दिसतो का, हे पाहावे.

हलवताना आणि पुसताना

फाइल संग्रहात हलवण्यापूर्वी तिचा हॅश, म्हणजे डिजिटल अंगठा, काढावा. विंडोजवर त्यासाठी एक ओळ पुरते:

```
certutil -hashfile report.pdf SHA256
```

हलवल्यानंतर पुन्हा हॅश काढावा. दोन्ही जुळले, तरच मूळ प्रत काढावी. न जुळल्यास प्रत बिघडली किंवा कोणी तरी बदलली, असे समजावे.

मुदत संपल्यावर फाइल पुसावी, पण नोंदवहीतील तिची ओळ ठेवावी. त्या ओळीत फाइलचे नाव, आर्थिक वर्ष, हॅश, कोणत्या नियमाने, कोणाच्या मंजुरीने आणि कधी पुसली हे असावे. अशा हजारो ओळी मिळून काही एमबीच होतात.

एक मर्यादा मात्र आहे. फाइल्स आणि हॅशची यादी एकाच माणसाच्या ताब्यात असेल, तर तो दोन्ही बदलू शकतो. त्यामुळे यादीची प्रत दरवर्षी लेखापरीक्षकाकडे ईमेलने द्यावी. विचारणा झाल्यावर ‘फाइल सापडत नाही’ आणि ‘मुदत संपल्यावर अमुक तारखेला, अमुक मंजुरीने पुसली’ या दोन उत्तरांमधला फरक याच यादीवर ठरतो.